दहा वर्षांची शाळा एका लेखात : प्रसंग कुठे लिहावा, सारांश कुठे द्यावा

शाळेच्या दहा वर्षांवर आत्मपर लेख लिहिणाऱ्यांची एक अडचण वारंवार समोर येते. आठवणी भरपूर असतात, भाषा नेटकी असते, सांगणे प्रामाणिक असते, आणि तरीही वाचक तिसरी-चौथीपर्यंत पोहोचतानाच थकतो. लिहिणारी व्यक्तीसुद्धा सहावी-सातवीच्या आसपास अडते आणि उरलेली वर्षे कशी उरकायची, असे विचारू लागते. पुण्यातल्या आमच्या लेखनगटात असा खर्डा आला की दोन सल्ले हमखास दिले जातात. एक म्हणजे ‘काटछाट करा’ आणि दुसरा म्हणजे ‘सांगू नका, दाखवा’. पहिल्या सल्ल्याने लेख आखूड होतो, पण त्याचा कंटाळवाणेपणा तसाच राहतो. दुसऱ्याने सात-आठ प्रसंग ओळीने उभे राहतात आणि दहा वर्षे गेली, ही जाणीवच वाचकाला होत नाही. कोणती गोष्ट प्रसंगातून सांगायची आणि कोणती सारांशातून, हा निर्णयच झालेला नसतो आणि दोन्ही सल्ले त्याला हात घालत नाहीत, म्हणून ते लागू पडत नाहीत.

प्रसंग म्हणजे एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक जागी, एकदाच घडलेली गोष्ट. त्यात माणसे बोलतात, हालचाल करतात, आणि ती गोष्ट वाचायला साधारण घडण्याइतकाच वेळ लागतो. सारांशात आठवडे, महिने किंवा वर्षे काही ओळींत मावतात. शाळेवरच्या लेखात या दोहोंचे प्रमाण बिघडण्याचे एक खास कारण आहे. शाळा आपल्याला तयार चौकट देते. पहिली ते दहावी असे दहा कप्पे आधीच आखलेले असतात आणि प्रत्येक कप्प्यात काहीतरी भरलेच पाहिजे, असे वाटू लागते.

एका खर्ड्याचे उदाहरण घेऊन हे उलगडता येईल. लेखिकेने परवानगी दिली आहे. नाव आणि शाळा मात्र मी सांगत नाही. लेखिकेचे वडील रिक्षा चालवत आणि कर्वेनगरातल्या मुलांना नदीपलीकडच्या पेठेतल्या एका मराठी शाळेत सोडत. त्याच रिक्षातून ती स्वतःही १९८९च्या जूनपासून शाळेत जाऊ लागली. १९९९च्या मार्चमध्ये तिने दहावीची परीक्षा दिली. या काळात, इतर मुले वडिलांना ‘काका’ म्हणतात म्हणून, शाळेच्या आवारात तीही त्यांना कधी ‘काका’ म्हणू लागली, हा लेखाचा खरा विषय होता. विषय इतका सशक्त असूनही पहिला खर्डा सपाट झाला होता.

दोष शोधण्यासाठी मी तिला एक साधे काम सांगितले. खर्ड्याची छापील प्रत घ्यावी, प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो किती काळाचा आहे ते लिहावे, आणि शेजारी त्याचे शब्द मोजून लिहावेत. खर्डा सुमारे २,५०० शब्दांचा होता आणि प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला साधारण २५० शब्द आले होते. समासात वरपासून खालपर्यंत ‘एक वर्ष, २५०’, ‘एक वर्ष, २५०’ अशी नोंद दिसली तेव्हा आजार कळला. अडीचशे शब्द ही फार अडचणीची जागा आहे. दोन माणसांचे बोलणे, त्यातला अडखळणारा क्षण आणि त्यानंतरची शांतता एवढ्या जागेत क्वचितच मावते. आणि ज्या वर्षी विषयाच्या दृष्टीने काहीच घडले नाही, त्या वर्षासाठी तेवढीच जागा फार होते. प्रत्येक भाग प्रसंग म्हणून अपुरा आणि सारांश म्हणून लांबलेला राहतो, आणि वाचक थकतो तो या एकसारखेपणाने.

यानंतर बहुतेक जण सर्वांत ठळक आठवणी निवडायला निघतात. ती दिशा चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ठळक आठवण लेखाची असेलच असे नाही. या खर्ड्यात चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा, सिंहगडाची सहल, स्नेहसंमेलनातले नाटक आणि किल्लारीचा भूकंप हे सगळे ठळक होते, पण त्यांतल्या एकाही ठिकाणी वडील आणि ‘काका’ हा धागा नव्हता. ठळकपणाऐवजी विचारायचा प्रश्न असा आहे : ही गोष्ट एका दिवशी घडली, की हळूहळू घडत गेली? एका दिवशी घडली असेल आणि त्यानंतर परत फिरता आले नसेल, तर तो प्रसंग. कोणत्याच एका दिवसावर बोट ठेवता येत नसेल, तर तो सारांश, मग ती लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट का असेना.

या उत्तराने लेखिकेची मोठी कोंडी सुटली. ‘बाबा’ म्हणणे बंद होण्याचा एक भला मोठा प्रसंग लिहिण्याचा तिचा प्रयत्न फसत होता, कारण तसा दिवसच नव्हता. ते वर्षानुवर्षे, कणाकणाने झाले होते. प्रसंगात ते बसवायचे तर काहीतरी रचावे लागले असते, आणि आत्मपर लेखात अशी रचलेली गोष्ट वाचकाला लगेच कळते. उलट सातवीत एकदा तिने वडिलांना तोंडावर ‘काका’ म्हटले, ते मात्र एका सकाळी, एका जागी घडले होते. म्हणजे हळूहळू झालेला दुरावा सारांशात जाणार होता आणि ती हाक प्रसंगात.

आता सारांश कसा लिहावा, हा प्रश्न येतो. याच ठिकाणी सर्वाधिक लेख ढासळतात, कारण सारांश म्हणजे दोन प्रसंगांमधली भर, असे समजून तो घाईने लिहिला जातो. ‘दिवस जात होते, मी मोठी होत होते, हळूहळू बाबांपासून दूर जाऊ लागले’ असे वाक्य काळ पुढे नेते, पण दाखवत काहीच नाही. वर्षे बदलताना जिची अवस्था बदलत गेली अशी एकच वस्तू किंवा सवय निवडावी आणि फक्त तिच्या अवस्था नोंदवाव्यात. सारांशाला जिवंत ठेवण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. लेखिकेला ती खूण रिक्षातच सापडली. शाळेच्या रिक्षात मागच्या सीटसमोर मुलांना बसण्यासाठी एक फळी टाकलेली असे, दप्तरे बाहेरच्या हुकांना लटकवलेली असत, आणि एखादे मूल पुढे चालकाशेजारी बसत असे. दहा वर्षांत तिची बसण्याची जागा बदलत गेली होती. दुसऱ्या खर्ड्यातला परिच्छेद असा झाला :

‘पहिलीत मी पुढे, बाबांच्या शेजारी बसत असे आणि त्यांनी सांगितले की हॉर्न वाजवत असे. तिसरीत ती जागा नव्याने आलेल्या एका लहान मुलाला मिळाली आणि मी फळीवर आले. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी मी पाचवीत होते आणि मागच्या सीटवर, इतर मुलींच्या मध्ये बसू लागले होते. घरी मी त्यांना बाबाच म्हणत असे. नळ स्टॉप मागे पडला, की त्यांना हाक मारायची वेळच येऊ नये, याची काळजी घेत असे.’

पाच वर्षे साठ-सत्तर शब्दांत गेली आणि दुरावा हा शब्द एकदाही वापरावा लागला नाही. पुढे, बाबांच्या शेजारी, मग फळीवर, मग मागे : अंतर वाचक स्वतः मोजतो. भूकंपाचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या खर्ड्यात त्याला जवळजवळ पूर्ण परिच्छेद दिला होता. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची, त्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवते, आणि नेमकी म्हणूनच तिच्यावर शब्द खर्चण्याची गरज नव्हती. अर्ध्या वाक्यात ती काळाची खूण म्हणून आली आणि वाचकाने आपले वर्ष आपणच जुळवून घेतले. सार्वजनिक घटना लेखाच्या धाग्याला स्पर्श करत नसेल, तर तिला सारांशात एवढेच काम द्यावे.

यापुढची अडचण क्रियापदांची आहे आणि ती मराठीत लिहिणाऱ्याने विशेष जपण्यासारखी आहे. शाळेच्या आठवणी मनात ‘नेहमीचे’ या रूपात साठलेल्या असतात : सर यायचे, घंटा व्हायची, आम्ही पळायचो. मराठीत त्यासाठी ‘जाई’, ‘जात असे’ आणि ‘जायचे’ अशी रूपे आहेत आणि ती सारांशाची नैसर्गिक रूपे आहेत. एकदाच घडलेल्या तपशिलालाही लेखक सवयीने हेच रूप देतो, तेव्हा बिघाड होतो. पहिल्या खर्ड्यातले हे वाक्य पाहावे :

‘उतरताना माझ्या डब्याच्या पिशवीचा बंद हुकात अडकायचा, शेजारची मुलगी म्हणायची, “अगं, काकांना सांग ना,” आणि मी म्हणायचे, “काका, तेवढी पिशवी.”’

हे दररोज, याच शब्दांत घडत होते का? वाचकाच्या मनात हा प्रश्न उमटतो आणि त्याचा विश्वास किंचित हलतो. बंद अडकणे, मैत्रिणीचे ते वाक्य, पहिल्यांदा उच्चारलेला तो शब्द, हे सारे एका सकाळचे आहे. रीतिभूतकाळाने त्याची धार बोथट केली, आणि लेखातला सर्वांत मोठा क्षण नेहमीच्या गर्दीत हरवला. ही चूक ओळखण्यासाठी अवतरणचिन्हे शोधावीत. अवतरणातल्या बोलण्याशेजारी ‘म्हणायचा’, ‘म्हणत असे’ असे क्रियापद असेल आणि ते बोलणे खरोखरच रोजचे पालुपद नसेल, तर तिथे एक प्रसंग दडपला गेला आहे, असे समजावे.

दुरुस्ती करताना वाक्य दोन ठिकाणी तोडावे लागते. जे रोजचे होते ते रीतिभूतकाळात राहू द्यावे आणि एक ठोस काळ सांगून साध्या भूतकाळात उतरावे. लेखिकेने असे केले :

‘बाबा रिक्षा फाटकाच्या थोडी अलीकडे उभी करत असत. आधी फळीवरची लहान मुले उतरत, मग आम्ही. हुकांवरची दप्तरे ज्याची त्याला काढून देणे हे बाबांचे काम असे. सातवीच्या जूनमध्ये एका सकाळी पाऊस लागला होता. माझ्या डब्याच्या पिशवीचा बंद हुकात अडकला. शेजारची मुलगी म्हणाली, “अगं, काकांना सांग ना.” मी म्हटले, “काका, तेवढी पिशवी.” बाबांनी बंद सोडवला, पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या मुलीचे दप्तर काढायला लागले.’

‘उभी करत असत’, ‘उतरत’, ‘काम असे’ इथवर काळ सैल आहे. ‘एका सकाळी’ या शब्दांपाशी तो घट्ट होतो. हा सांधा जितका अरुंद, तितके चांगले. मधे ‘मला आजही तो दिवस जसाच्या तसा आठवतो’ यासारखे वाक्य घालण्याचा मोह होतो; ते टाळावे, कारण क्रियापद बदलले की प्रसंग सुरू झाला हे मराठी वाचकाला न सांगता कळते.

इथे आणखी एक बारीक पेच आहे, जो स्त्रीने लिहिलेल्या लेखात वडिलांविषयी किंवा शिक्षकांविषयी सांगताना हमखास येतो. ‘मी बसायचे’ आणि ‘बाबा बसायचे’ यांतले क्रियापद एकच आहे. ‘मी म्हणाले’ आणि ‘बाबा म्हणाले’ यांचेही तसेच. आपण लिहिताना कर्ता गाळतो आणि मग ‘पुढे बसायचे’ म्हणजे नेमके कोण, हे वाचकाला मागे जाऊन तपासावे लागते. सारांशात ‘मी बसत असे’ आणि ‘बाबा बसत असत’ ही रूपे घेतली की गोंधळ मिटतो, आणि संवादात स्वतःसाठी ‘म्हटले’ व वडिलांसाठी ‘म्हणाले’ असा नेम ठेवता येतो. नियम म्हणून नव्हे, पण दोन हजार शब्दांच्या लेखात अशी सुसूत्रता वाचकाचे बरेच कष्ट वाचवते.

प्रसंग संपल्यावर लगेच येणारे वाक्य हा दुसरा सांधा, आणि तिथे माझी भूमिका कठोर आहे. पहिल्या खर्ड्यात ‘काका’ या हाकेनंतर ‘त्या क्षणी मला कळले की मी माझ्या बाबांना परके केले आहे’ असे वाक्य होते. बारा वर्षांच्या मुलीला हे कळले नव्हते. चाळिशीतल्या लेखिकेला ते आज कळते आहे. प्रसंगाच्या टोकाला आजची जाण चिकटवली, की दोन्ही वयांचा खरेपणा जातो. ते वाक्य काढल्यावर लेख प्रसंगातून सरळ सारांशात गेला : ‘आठवीपासून आम्ही मुली सायकलने जाऊ लागलो, आणि हाक मारण्याचा प्रश्न उरला नाही.’ या वाक्यात तीन वर्षे आहेत आणि त्याचा कोरडेपणा त्या वयाला साजेसा आहे. आजची जाण लेखात यायला हरकत नाही, पण तिला सारांशात स्वतंत्र जागा द्यावी, आणि ‘आता वाटते’ असे सांगून द्यावी.

काही वर्षे सरळ गाळावीत, हे पटवून देणे मला सर्वांत अवघड जाते. चौथी आणि सहावी या लेखात मुळीच नाहीत. लेखिकेला भीती होती की वाचक विचारेल, चौथीचे काय झाले? वाचक असे विचारत नाही. इयत्तांचा हिशेब लेखक ठेवतो. वाचक धागा धरून चालतो, आणि तो तुटला नाही तर मधल्या रिकाम्या जागेकडे त्याचे लक्षही जात नाही. ‘तिसरीत’ नंतर थेट ‘पाचवीत’ आले तरी चालते. अट एवढीच, की उडी मारल्यावर पहिल्याच वाक्यात आपण कोणत्या वर्षी उतरलो हे स्पष्ट असावे.

दुसरा खर्डा सुमारे १,९०० शब्दांचा झाला. पहिलीतला प्रसंग, ज्यात ती वर्गात सर्वांना ‘ती माझ्या बाबांची रिक्षा आहे’ असे अभिमानाने सांगते, साधारण २५० शब्दांचा. फाटकापाशी घडलेला प्रसंग, त्यानंतरच्या शाळेतल्या दिवसासह, ४०० शब्दांचा. आणि दहावीच्या परीक्षाकेंद्राबाहेरचा शेवटचा प्रसंग सुमारे ५५० शब्दांचा. त्या दिवशी वडिलांनी तिला एकटीला रिक्षातून सोडले होते आणि एका मैत्रिणीच्या आईने विचारले होते, ‘रिक्षा ठरवली आहेस का? परत जाताना आम्हालाही सोडतील का?’ तिने उत्तर दिले, ‘बाबांना विचारते.’ उरलेले सातशे शब्द सारांशाचे. म्हणजे दोन तृतीयांशाच्या आसपास जागा तीन सकाळींना आणि एक तृतीयांश दहा वर्षांना. हे प्रमाण मी आदर्श म्हणून सांगत नाही. या लेखात निर्णायक क्षण तीन होते, म्हणून ते तसे पडले.

सांगण्यासारखे एक पुढेही घडले. दुसरा खर्डा वाचून गटातल्या काहींनी सुचवले की मागच्या सीटवरच्या गप्पांचाही एक प्रसंग हवा, घरी वडिलांशी होणाऱ्या बोलण्याचाही हवा. लेखिकेने ते दोन्ही लिहून पाहिले. प्रसंग वाईट नव्हते, पण ते आल्यावर फाटकापाशी घडलेली हाक अनेकांपैकी एक झाली. प्रसंगाला वजन येते ते त्याच्या आधी काळ वेगाने गेलेला असल्यामुळे. सगळीकडेच वेग मंदावला, तर थांबल्याचे कळत नाही. तिने दोन्ही प्रसंग काढले आणि घरच्या बोलण्यातले एकच वाक्य सारांशात ठेवले.

आपला खर्डा सुधारला की नाही, हे तपासण्यासाठी तो दोनदा, दोन तऱ्हांनी वाचावा. एकदा केवळ प्रसंग वाचावेत, सारांश झाकून. ते परस्परांशी अजिबात न बोलणारे वाटले, तर सारांशात धागा आहे की नाही ते पाहावे. आणि सारांशाशिवायही गोष्ट पूर्ण वाटली, तर सारांश भरतीचा आहे. दुसऱ्यांदा केवळ सारांश वाचावा. त्यात काहीतरी बदलत गेलेले दिसले पाहिजे. सर्व वर्षे सारखीच वाटली, तर बदलती खूण अजून सापडलेली नाही, आणि नवे प्रसंग लिहून ती उणीव भरून निघणार नाही.

काही लेखांना ही पद्धत लागू पडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. ज्या लेखाचा विषयच रोजचेपणा आहे, उदाहरणार्थ दहा वर्षे एकाच बसने केलेला प्रवास, त्यात निर्णायक दिवस शोधत बसू नये. तो लेख जवळजवळ संपूर्ण रीतिभूतकाळात चालू शकतो आणि तिथे एखादाच लहान प्रसंग पुरतो. ज्यांना जुने संवाद शब्दशः आठवत नाहीत, त्यांनी मोठे संवाद रचू नयेत. एक-दोन खात्रीची वाक्ये अवतरणात ठेवावीत आणि बाकीचे बोलणे ‘असे काहीसे सांगितले’ या रूपात द्यावे. लेखिकेने फाटकापाशी घडलेल्या प्रसंगात दोनच वाक्ये अवतरणात ठेवली, कारण तिला तेवढीच नक्की आठवत होती.